साठ मुलांच्या वर्गात तासिकेची मिनिटे कुठे गळतात? तपासणी आणि दुरुस्ती

तक्रार नेहमीचीच आहे. तासिका चाळीस मिनिटांची असते, पण खडू प्रत्यक्ष फळ्याला लागेपर्यंत दहा मिनिटे गेलेली असतात आणि शेवटची पाच मिनिटे वह्या गोळा करण्यात जातात. त्यामुळे गणिताचा घटक दोन दिवसांत संपायचा तो चार दिवस चालतो. शिक्षक आवाज वाढवतात, मुले क्षणभर गप्प बसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. मुले दंगेखोर आहेत किंवा शिक्षकांचा वर्गावर ताबा नाही, असे याचे निदान बहुतेक वेळा केले जाते. माझ्या अनुभवात ही दोन्ही निदाने सहसा चुकीची ठरतात. गळतीचे खरे ठिकाण शोधण्याची आणि ती थांबवण्याची जी पद्धत मला उपयोगी पडली, ती येथे सविस्तर लिहीत आहे.

उदाहरण म्हणून घेतलेला वर्ग इयत्ता तिसरीचा आहे. मूळच्या दोन तुकड्या होत्या, पण एक पद रिक्त झाल्याने त्या एकत्र आल्या आणि पट साठ झाला. खोली चाळीस मुलांच्या हिशेबाने बांधलेली होती. बाके नव्हती, पाच लांब बस्करपट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर बारा मुले बसत असत. दार एक, अंगणातला नळ एक आणि टेबल एक. या तीन ‘एक’कडे आपण पुन्हा येणारच आहोत.

आधी मोजा

उपाय सुरू करण्यापूर्वी एक पूर्ण दिवस फक्त मोजावे. हाताशी घड्याळ आणि कागदाचा एक कपटा पुरतो. मागचे काम जेथे थांबले ती वेळ लिहायची आणि पुढचे काम बहुतेक मुलांनी प्रत्यक्ष सुरू केले ती वेळ लिहायची. ‘आता गणिताची वही काढा’ असे आपण म्हणालो ती वेळ नव्हे, तर पेन्सिली कागदावर चालू लागल्या ती वेळ. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आपल्या मनातली तासिका आपण बोललो तेव्हाच सुरू झालेली असते.

त्या वर्गातला एका सामान्य दिवसाचा हिशेब असा निघाला. परिपाठ संपून मुले वर्गात येऊन पहिल्या कामाला लागेपर्यंत ९ मिनिटे. हजेरी ६ मिनिटे. तपासलेल्या वह्या वाटायला ७ मिनिटे. विषय बदलताना दर वेळी सुमारे ५ मिनिटे, आणि असे बदल तीन, म्हणजे १५ मिनिटे. मोठ्या सुट्टीनंतर वर्ग पुन्हा कामाला लागेपर्यंत १४ मिनिटे. एकूण ५१ मिनिटे.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास सांगितले आहेत. रोजची ५१ मिनिटे २०० दिवसांनी गुणली की १७० तास होतात, म्हणजे ८०० तासांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक वेळ वह्या, रांगा आणि ‘बाई, मी कुठे बसू?’ यांत जात होता. हा आकडा पाहून मला आधी राग आला आणि मग बरे वाटले, कारण गळती सगळीकडे थोडी थोडी नसून पाचच जागी होती.

निदान: साठ जण एका चिंचोळ्या वाटेवर

पाचही जागा नीट पाहिल्या की एकच आकृती दिसते. साठ मुलांना एकामागून एक कोणत्यातरी एकाच बिंदूतून जावे लागते. हजेरीत तो बिंदू म्हणजे शिक्षकांचा आवाज: एका नावाला सहा सेकंद धरले तरी साठ नावांची सहा मिनिटे होतात, आणि कितीही भरभर वाचले तरी फार तर एक मिनिट वाचते. वह्यांच्या वेळी तो बिंदू म्हणजे टेबलावरचा गठ्ठा: नाव पुकारायचे, मुलाने उठायचे, बाराजणांचे पाय चुकवत यायचे, वही घ्यायची, परत जायचे, असे सात सेकंदांचे काम साठ वेळा. सुट्टीनंतर तो बिंदू म्हणजे नळ: ताटली धुवायला पंधरा सेकंद, साठ ताटल्या, पंधरा मिनिटे. येथे शिस्तीचा काही संबंधच नाही. सगळी मुले पुतळ्यासारखी रांगेत उभी राहिली तरी पंधरा मिनिटे लागणारच. नळाचा गुन्हा मुलांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

तीस मुलांच्या वर्गात हीच पद्धत चालून जाते, कारण तिथे तीन मिनिटांची हजेरी आणि साडेतीन मिनिटांचे वाटप कोणाला फारसे टोचत नाही. पट दुप्पट झाला की वेळ दुप्पट होतो, पण रिकाम्या बसलेल्या मुलांचा गोंधळ दुपटीहून पुष्कळ वाढतो. ज्याचे नाव आधी पुकारले गेले त्याला उरलेली सहा मिनिटे काहीच काम नसते. तो शेजाऱ्याची टोपी काढणार, त्यावर शिक्षक रागावणार, आणि रागावण्याची दोन मिनिटे पुन्हा त्याच खात्यात जमा होणार. म्हणजे गोंधळ हा बहुतेक वेळा गळतीचा परिणाम असतो, तिचे कारण नव्हे.

अमेरिकन संशोधक जेकब कौनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती पाहून केलेला अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांना असे आढळले की मूल चुकल्यावर शिक्षक त्याला कसे दटावतात, यावरून चांगले चालणारे आणि विस्कटणारे वर्ग वेगळे ओळखता येत नाहीत. फरक पडतो तो आधीच्या गोष्टींनी, आणि त्यांपैकी एक म्हणजे एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग अडखळल्याशिवाय नेणे. त्यांनी नोंदवलेली एक चूक माझ्या हातून रोज होत असे: मराठी संपवून गणित सुरू करायचे आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणायचे, ‘अरे हो, मराठीचा गृहपाठ कोणी कोणी केला नाही?’ साठ मुले पुन्हा दप्तरात हात घालतात, आणि बदलाची पाच मिनिटे एकाऐवजी दोनदा मोजावी लागतात.

निदान असे असेल तर दुरुस्तीचे दोनच मार्ग उरतात. चिंचोळी वाट अनेक वाटांत विभागायची, आणि जो आधी पोहोचला त्याला थांबवून ठेवायचे नाही.

पहिली दुरुस्ती: दहा गट आणि ठरलेली जागा

प्रत्येक बस्करपट्टीवरच्या बारा मुलांचे पुढचे सहा आणि मागचे सहा असे दोन गट केले. पाच पट्ट्यांचे दहा गट झाले. प्रत्येक मुलाला गट आणि जागा मिळून एक क्रमांक मिळाला. चौथ्या गटातले तिसरे मूल म्हणजे ‘चार-तीन’. हाच क्रमांक वहीच्या मुखपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिला. जागा कायमची ठरलेली असते, हाच या सगळ्याचा पाया आहे. रोज हवे तिथे बसणाऱ्या वर्गात पुढची एकही युक्ती चालत नाही. जागा बदलायच्याच असतील तर महिन्यातून एकदा, सर्वांच्या एकदम बदलाव्यात.

गट पाडताना हुशार मुलांचा एक आणि मागे पडलेल्यांचा एक असे करू नये. प्रत्येक गटात किमान दोन मुले अशी असावीत की जी फळ्यावरची सूचना स्वतः वाचू शकतात. ज्यांना लांबचे दिसत नाही किंवा नीट ऐकू येत नाही, ती पुढच्या गटांत पहिल्या-दुसऱ्या जागेवर असावीत. बाकीची रचना उंचीप्रमाणे केली तरी चालते.

प्रत्येक गटाला एक गटप्रमुख नेमला आणि त्याच्या शेजारी बसणारे मूल उपप्रमुख. गटप्रमुख गैरहजर असला की उपप्रमुखाने न सांगता काम करायचे. सुरुवातीला मी गटप्रमुख रोज बदलत होते, सर्वांना संधी मिळावी म्हणून. तो हेतू चांगला होता, पण रोज दहा नवी मुले काम शिकत राहिली आणि आठवडाभर वेग वाढलाच नाही. नंतर सोमवारी बदल आणि शनिवारपर्यंत तोच प्रमुख असे ठरवले, तेव्हा मंगळवारपासून काम सुरळीत होऊ लागले.

वह्या: पूर्ण उलगडून पाहण्याजोगे उदाहरण

गळतीच्या पाच जागांपैकी वह्यांचे उदाहरण मी विस्ताराने सांगते, कारण बाकीच्या दुरुस्त्या याच पद्धतीच्या आहेत.

गोळा करण्याची रीत अशी ठरली. पुढच्या गटात सहाव्या जागेवरचे मूल आपली वही पाचव्याकडे देते, पाचवे आपली वही तिच्यावर ठेवून चौथ्याकडे देते, आणि असे करत सहा वह्या पहिल्या जागेवर पोहोचतात. मागच्या गटात हेच उलट दिशेने होते, म्हणजे वह्या पट्टीच्या शेवटी मागच्या भिंतीकडे जातात. पुढचे पाच गठ्ठे टेबलावर येतात आणि मागचे पाच मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर जातात. साठ मुले एकमेकांना ओलांडून जात नाहीत, कारण टोकाशी आलेले गठ्ठे न्यायला दहा गटप्रमुखच काय ते उठतात. प्रत्येक गठ्ठ्यात वह्या जागेच्या क्रमाने लागलेल्या असतात, त्यामुळे ‘सात-चार’ची वही नाही हे गठ्ठा हातात घेताच कळते. पूर्वी ते मला रात्री तपासताना कळत असे, आणि सकाळी ‘मी दिली होती, बाई’ यावर पाच मिनिटे जात. वाटताना हाच मार्ग उलटा.

पहिल्या दिवशी याला सहा मिनिटे लागली, म्हणजे जवळजवळ जुन्या पद्धतीइतकीच. या टप्प्यावर पुष्कळजण पद्धत सोडून देतात. मी ती सोडली नाही, पण पूर्ण वर्गाकडून करून घेणेही थांबवले. दुसऱ्या दिवशी फक्त तिसऱ्या गटाला करायला सांगितले आणि बाकीच्या चोपन्न मुलांना पाहायला सांगितले. मग विचारले, वही देताना कोणता हात वापरला? वही पालथी आली की उताणी? कोण बोलले? मुलांनी नेमके सांगितले: पाच नंबरने वही भिरकावली म्हणून ती खाली पडली. मग सर्वांनी केले. चौथ्या दिवशी दोन मिनिटे, आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एक मिनिटाच्या आसपास वेळ स्थिर झाला. तिसरीतल्या मुलांना ही पद्धत तोंडी सूचना देऊन येत नाही. एका गटाने करून दाखवावी लागते, सर्वांकडून सावकाश करून घ्यावी लागते आणि मगच वेग येतो.

वेळ मोजताना मी एक चूक केली. कोणता गट पहिला येतो, अशी शर्यत लावली. दोन दिवसांत मुखपृष्ठे फाटली, एका मुलीच्या डोळ्याला वहीचा कोपरा लागता लागता वाचला आणि हळू हात असलेल्या एका मुलावर त्याचाच गट ओरडू लागला. साठ मुले दाटीने बसलेल्या खोलीत शर्यत लावूच नये. त्यानंतर फळ्याच्या कोपऱ्यात फक्त संपूर्ण वर्गाचा कालचा आणि आजचा वेळ लिहीत असे, आणि एकदा वेळ स्थिर झाल्यावर तेही बंद केले.

याहून मोठा फायदा मात्र वेगळ्याच प्रश्नातून झाला: रोज साठ वह्या गोळा करायच्याच कशाला? एक वही मिनिटभरात तपासली तरी साठ वह्यांचा एक तास होतो. तो तास मिळत नाही म्हणून आपण वहीभर बरोबरच्या खुणा करून सही करतो, आणि त्यातून मुलाला काही कळत नाही. दहा गट आणि सोमवार ते शुक्रवार असे पाच दिवस, म्हणजे रोज दोन गट. रोज बाराच वह्या नीट वाचून तपासायच्या, चुका लिहून द्यायच्या, आणि बाकीच्या गटांनी फळ्यावरच्या उत्तरांवरून आपापली वही पडताळायची. सोमवारी पहिला आणि दुसरा गट, मंगळवारी तिसरा आणि चौथा, याप्रमाणे. चाचणी किंवा निबंध असेल तेव्हाच सर्व वह्या गोळा होतात. जे काम रोज करायचे कारणच नव्हते, ते वेगाने करायला शिकवण्यात मी दोन आठवडे घालवले, हे कबूल करायला हवे.

हजेरी

गटप्रमुखाने उभे राहून फक्त गैरहजर जागा सांगायची: ‘गट चार, जागा पाच गैरहजर’ किंवा ‘गट सहा, सर्व हजर’. दहा वाक्ये मिनिटभरात संपतात. परंतु हजेरीपट हा शासकीय दस्तऐवज आहे आणि पोषण आहाराची रोजची नोंद त्याच आकड्यावर होते, म्हणून खूण शिक्षकांनी स्वतः रिकामी जागा पाहूनच करावी आणि शेवटी हजर मुलांची डोकी मोजून बेरीज जुळवावी. एकदा गटप्रमुखाने ‘सर्व हजर’ सांगितले तेव्हा त्याचा मित्र अजून घरीच होता. बेरजेत एक कमी आले आणि खोटे तिथेच उघडे पडले. मोजणीसह सगळे दोन मिनिटांत होते.

विषय बदलताना

येथे चिंचोळी वाट म्हणजे मुलांची स्मरणशक्ती. ‘मराठीचे पुस्तक आत ठेवा, गणिताची वही काढा, तारीख लिहा, पान चौतीस उघडा आणि दुसरे उदाहरण सोडवा’ अशी पाच कामे आपण एका दमात सांगतो. आठ वर्षांच्या मुलाच्या लक्षात त्यांतली पहिली आणि शेवटची राहते. मग साठांपैकी वीसजण विचारतात, ‘बाई, कोणते पान?’ आणि आपण वीस वेळा उत्तर देतो.

दुरुस्ती अशी की पुढच्या विषयाची सूचना आधीचा विषय चालू असतानाच, मुले लिहीत असताना, फळ्याच्या उजव्या पट्टीत लिहून ठेवायची. फक्त तीन ओळी: कोणती वही, कोणते पान, पहिले काम काय. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वहीच्या रंगाच्या खडूचा एक ठिपका. मग खूण द्यायची. आम्ही टाळ्यांची खूण घेतली: शिक्षकांनी ठरलेल्या तालात टाळ्या वाजवायच्या आणि मुलांनी त्याच तालात उत्तर द्यायचे. टाळी वाजवताना हातातली पेन्सिल खाली ठेवावीच लागते, हा तिचा खरा गुण. शेजारच्या वर्गाने तक्रार केल्यावर आम्ही हात वर करण्याच्या खुणेवर आलो. तोवर सवय मुरली होती, म्हणून चालले.

खूण दिल्यावर सूचना द्यायची आणि त्यानंतरच वस्तू काढू द्यायच्या. हा क्रम उलटला की संपले. हातात कंपासपेटी आल्यावर मूल ऐकत नाही, मोठी माणसेही ऐकत नाहीत. शिवाय खूण दिल्यानंतर आपणच गोंगाटावर आवाज चढवून बोलू लागलो, तर मुलांना आठवडाभरात कळते की खुणेला काही अर्थ नाही. दिवसातून सात-आठ वेळांहून अधिक खूण वापरावी लागत असेल, तर ती बिघडल्याचे समजावे.

दुसरी दुरुस्ती: आधी तयार झालेल्याला थांबवायचे नाही

साठ मुलांमध्ये कोणत्याही क्षणी चार-पाच मुले मागे असणारच. कोणाची वही दप्तराच्या तळाशी असते, कोणाची पेन्सिल तुटलेली असते, कोणी अजून मराठीचीच ओळ लिहीत असते. ‘सर्व तयार झाल्याशिवाय मी सुरू करणार नाही’ हा नियम वीस मुलांत चालत असेल. साठांत त्याचा अर्थ पंचावन्न मुलांनी पाच मुलांसाठी रिकामे बसणे असा होतो, आणि रिकामी बसलेली पंचावन्न मुले पुढच्या अर्ध्या मिनिटात काय करतील ते सांगायला नको.

म्हणून प्रत्येक प्रवेशाच्या आणि बदलाच्या वेळी फळ्यावर एक छोटे काम तयार ठेवले. आम्ही त्याला ‘बसल्याबरोबरचे काम’ म्हणत असू. परिपाठानंतर कालच्या धड्यातले पाच शब्द, सुट्टीनंतर हातच्याच्या बेरजेची तीन उदाहरणे. हे काम निवडण्यात चूक झाली तर उलटा परिणाम होतो. काम नवे किंवा अवघड असले की टेबलापाशी विचारणाऱ्यांची रांग लागते आणि चिंचोळी वाट पुन्हा तयार होते. काम लांबलचक असले की मुख्य पाठ सुरू करताना अर्ध्यांचे अपुरे राहते आणि ती कुरकुरतात. म्हणून ते कालपर्यंत शिकवून झालेल्या भागातलेच, न विचारता करता येईल असे आणि चार-पाच मिनिटांत संपणारे असावे. उशिरा आलेल्याचे एकच उदाहरण झाले तरी चालते. उत्तरे गटप्रमुखांनी आळीपाळीने वाचायची आणि प्रत्येकाने आपली पडताळायची. ही वही कधीच गोळा करायची नाही.

हे काम मधल्या सुट्टीपूर्वीच फळ्यावर लिहून ठेवायला लागते. सुट्टी संपल्यावर लिहायला गेलो की आपली पाठ वर्गाकडे होते आणि साठ मुले त्याच दाराने आत येत असतात. ही एवढी बारीक गोष्ट मी चुकवली की तो दिवस हमखास बिघडत असे.

सुट्टीनंतरची चौदा मिनिटे

नळ एकच होता आणि दुसरा लगेच बसणार नव्हता. आम्ही पाण्याच्या दोन बादल्या भरून मग्ग्यांसह नळापासून दूर, अंगणाच्या दोन बाजूंना ठेवल्या आणि पाणी ओतायला पाचवीची दोन मुले घेतली. धुण्याच्या जागा तीन झाल्या आणि पंधरा मिनिटांचे काम साधारण पाचवर आले. सांडपाणी झाडांच्या आळ्यात जाईल अशा जागा निवडल्या, नाहीतर चिखलात घसरणारी मुले हा नवा प्रश्न उभा राहतो.

सगळी मुले एकदम उठली तर तीन जागांवरही गर्दी होते. म्हणून जेवण जसजसे संपेल तसे दोन-तीन मुलांनी उठायचे आणि घंटेची वाट पाहायची नाही, असे ठरवले. येथे एक मर्यादा स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. वेळ वाचवण्यासाठी मुलांना लवकर जेवा म्हणून घाई करू नये. हळू जेवणारी मुले असतातच, आणि काहींच्या दृष्टीने ते दिवसातले पहिले पोटभर जेवण असते. ती सावकाश आली तरी आत फळ्यावरचे काम चालूच असते, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणी खोळंबत नाही आणि त्यांना अपराधीही वाटत नाही.

बारीक गळती

‘बाई, पेन्सिल’ आणि ‘बाई, लघवीला जाऊ?’ या दोन प्रश्नांनी शिकवणे किती वेळा तुटते तेही एकदा मोजून पाहावे. पहिल्यावर उपाय म्हणजे टोक केलेल्या पाच-सहा पेन्सिलींचा डबा. तुटलेली ठेवायची, टोकदार घ्यायची, सुट्टीत अदलाबदल. दुसऱ्यासाठी दाराजवळ खिळ्यावर लाकडाच्या दोन चकत्या टांगल्या, एक मुलींसाठी, एक मुलांसाठी. चकती असेल तर न विचारता घेऊन जायचे, नसेल तर ती परत येईपर्यंत थांबायचे, आणि फारच घाई असेल तर हात वर करून तरीही जायचे. लघवीला जाण्याची परवानगी शिस्तीसाठी नाकारू नये. पहिल्या आठवड्यात चकतीच्या फेऱ्या फार झाल्या, नावीन्य ओसरल्यावर त्या आपोआप कमी झाल्या.

तरीही अडत असेल तर

सुरळीत चाललेली पद्धत तीन-चार आठवड्यांनी ढिली पडते. तेव्हा पुन्हा घड्याळ लावावे आणि कोणत्या जागी वेळ वाढला ते पाहावे. सगळीकडे वाढला असेल तर बहुधा आपणच फळ्यावर आधी लिहिण्याचे सोडलेले असते. एकाच ठिकाणी वाढला असेल तर त्या जागी नवी चिंचोळी वाट तयार झालेली असते. आमच्याकडे दोन महिन्यांनी वाटपाचा वेळ पुन्हा तीन मिनिटांवर गेला. पाहिले तर एक गटप्रमुख आवडत्या मुलांना आधी आणि नावडत्यांना शेवटी वह्या देत होता, आणि दुसरा गटात कोण बोलते याची नावे लिहून आणत होता. गटप्रमुखाचे काम वस्तू पोहोचवण्याचे आहे, शिस्त लावण्याचे नाही. नावे लिहायला सांगितली की तो छोटा पोलीस होतो आणि गटात भांडणे सुरू होतात. ती वही मी काढून घेतली आणि दोन दिवसांत वेळ पूर्ववत झाला.

वर्षाच्या मध्यावर सुरुवात करणाऱ्यांनी सगळे एकदम आणू नये. पहिल्या आठवड्यात ठरलेल्या जागा आणि हजेरी, दुसऱ्यात फळ्यावरचे काम, त्यानंतर वह्या, असा क्रम मला सोयीचा वाटला. पहिलीच्या वर्गात गटप्रमुखावर इतके अवलंबून राहता येत नाही. तिथे सहाऐवजी चारांचे गट आणि फक्त वस्तू पुढे देण्याची सवय एवढेच पुरे.

या सगळ्याने काय साधत नाही, तेही सांगितले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या त्याच अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक हवेत. येथे एका वर्गात साठ मुले आणि एकच शिक्षक आहे. वेळ वाचला तरी प्रत्येक मुलाचे वाचन रोज ऐकणे या रचनेत शक्य होत नाही. रिक्त पदाची मागणी मुख्याध्यापकांमार्फत लेखी करत राहावी आणि आपल्या मोजणीचा कागद तिला जोडावा. वर्ग नीट चालतोय म्हणजे दुसऱ्या शिक्षकाची गरज नाही, असा अर्थ कोणी काढला तर तो कागद उपयोगी पडतो.

तीन आठवड्यांनी पुन्हा एक पूर्ण दिवस मोजला. परिपाठानंतर ४ मिनिटे, हजेरी २, वह्या १, तीन विषयबदल मिळून ६ आणि सुट्टीनंतर ७, म्हणजे एकूण २०. रोज ३१ मिनिटे हाती आली. त्यांतली वीस मिनिटे मी वाचन ऐकण्यासाठी ठेवली: बाकीचे गट लेखी काम करत असताना रोज एका गटाजवळ खाली बसून त्या सहाजणांचे वाचन ऐकायचे, म्हणजे दोन आठवड्यांत दहाही गटांची एक फेरी होते.

पावसाळ्यात मात्र हे वेळापत्रक पहिल्याच मोठ्या सरीला कोलमडले. परिपाठ वर्गातच घ्यावा लागला आणि साठ छत्र्या आणि रेनकोट एकाच दाराशी अडकले. मुले ते कुठे ठेवायचे म्हणून दारातच थांबत होती आणि मागची भिजत होती. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात खांबापासून खांबापर्यंत दोन दोऱ्या बांधल्या, त्यांवर रंगीत चिंध्यांनी दहा गटांच्या जागा पाडल्या आणि छत्री-रेनकोट दाराआधीच टांगून मग आत यायचे असे ठरवले. दार मोकळे झाले, पण जोराचा वारा असला की रेनकोट उडतात. त्यावर कपड्यांचे चिमटे आणायचे राहिले आहेत.